शक्य तितक्या लवकर

आमच्या सोसायटीच्या लिफ्टच्या देखभाल करारात एक वाक्य होते. ‘लिफ्ट बंद पडल्याची तक्रार मिळताच कंत्राटदार शक्य तितक्या लवकर आपला तंत्रज्ञ पाठवील.’ चौतीस वर्षे बँकेत कागद वाचण्यात घालवलेला माणूस मी. पण या वाक्यावरून माझी नजर तीन वर्षे, तीन नूतनीकरणांच्या वेळी, सरळ घसरून गेली. ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द वाचताना बरे वाटतात. त्यांचा अर्थ काय, हे लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली आणि आत सहाव्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी धरून उभ्या असल्या, म्हणजे कळते.

चंद्रपुरात सात मजली इमारत ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आमच्या लहानपणी गोंडराजांच्या परकोटाच्या भिंतीहून उंच फारसे काही दिसत नसे. पुढे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आल्या आणि त्यांच्यामागून कोळसा खाणींतले, वीज केंद्रातले, पेपर मिलमधले निवृत्त लोक गुडघे सांभाळत फ्लॅटमध्ये राहायला आले. आमच्या इमारतीत अठ्ठावीस बिऱ्हाडे आणि एक लिफ्ट. अठ्ठावीसपैकी अकरा घरांत साठीच्या पुढची माणसे. लिफ्ट बंद म्हणजे या अकरा घरांना टाळेबंदीच.

गेल्या वर्षी ६ फेब्रुवारीला लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडली. मेकॅनिक आला, दहा मिनिटांत सुरू करून गेला. १३ तारखेला पुन्हा तेच. २२ ला पुन्हा. मग १ मार्च, ५ मार्च. पाचव्या खेपेला मेकॅनिक साडेसहा तासांनी उगवला आणि त्या साडेसहा तासांत डायलिसिसला जाणाऱ्या एका गृहस्थांना चार पोरांनी खुर्चीत बसवून पाच मजले खाली नेले. त्याच रात्री कमिटीची बैठक झाली. ‘साहेब, तुम्ही बँकेतले, शिवाय कादंबऱ्या लिहिता. पत्र तुम्हीच लिहा, चांगले झणझणीत,’ असे सेक्रेटरींनी सांगितले. मी लिहिले. एक तासात मेकॅनिक न आल्यास पाच हजार रुपये दंड, चार तासांत लिफ्ट सुरू न झाल्यास आणखी पाच हजार, आणि महिन्यात तीनदा बंद पडल्यास करार रद्द. ते पत्र वाचताना कमिटीने टाळ्या वाजवल्या. एवढ्या तातडीच्या टाळ्या माझ्या एकाही कादंबरीला मिळाल्या नव्हत्या.

पत्राचा परिणाम झाला. ८ मार्चला लिफ्ट पुन्हा अडली, तेव्हा मेकॅनिक चाळीस मिनिटांत हजर. काम दहा मिनिटांत उरकले. आणि त्यानंतर अकरा दिवस लिफ्ट एकदाही बंद पडली नाही. मी जिन्यात भेटेल त्याला सांगत होतो, कडक भाषेशिवाय या लोकांना समजत नाही.

१९ मार्चला संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची बारा वर्षांची मुलगी शिकवणीहून आली. लिफ्ट वरच्या मजल्यावर होती. बटण दाबून ती दरवाजाला टेकून उभी राहिली, आणि दरवाजा हातभर सरकला. समोर केबिन नव्हती. काळोख होता आणि तारा हलत होत्या. म्हणजे दरवाजा उघडा असताना लिफ्ट चालू होती. मुलगी शहाणी. मागे झाली, किंचाळली. वॉचमनने धावत जाऊन मेन स्विच पाडला.

लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दरवाजाला कुलूप असते आणि ते दुहेरी असते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. एक लोखंडी आकडा. केबिन त्या मजल्यावर नसेल तर तो दरवाजा उघडू देत नाही. दुसरा विजेचा संपर्क. आकडा नीट बसला तरच तो जुळतो. सर्व मजल्यांचे हे संपर्क एका माळेत ओवलेले असतात. माळेतला एक मणी जरी सुटला तरी लिफ्ट जागची हलत नाही. म्हणजे तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट जी वारंवार ‘बिघडत’ होती, ती खरे तर बिघडत नव्हती. ती आपले काम चोख करीत होती. दरवाजा नीट लागलेला नाही, मी चालणार नाही, असे ती सांगत होती. मेकॅनिक दर वेळी तो संपर्क पॉलिश पेपरने घासायचा, दरवाजा हाताने वर उचलून बसवायचा आणि जायचा. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

८ मार्चला त्याने संपर्क घासला नाही. तारेचा एक तुकडा लावून त्याची दोन टोके जोडून टाकली. मेकॅनिकांच्या भाषेत याला ‘जंपर मारणे’ म्हणतात. माळेतला तो मणी कायमचा जुळलेला दिसू लागला आणि लिफ्ट निमूटपणे चालू लागली, दरवाजा लागलेला असो की नसो.

दुसऱ्या दिवशी तो पोरगा आला तेव्हा मी त्याला गच्चीवर गाठले. वय चोवीस-पंचवीस. आयटीआय झालेला. मी रागाने बोललो. तो मान खाली घालून म्हणाला, ‘काका, मी एकटा हाओ जी. चंद्रपूर, बल्लारपूर, मूल, गडचिरोली, समद्या लिफ्टा माझ्याकडं. तुमचं पत्र आलं, मालकानं सांगितलं, एका तासात नाही गेला तर दंड तुझ्या पगारातून. रोलर मागितले होते, नागपूरवरून येऊन राहिले म्हणत होते महिनाभर. मी काय करू?’

त्याने केले ते अक्षम्यच होते आणि तसे मी त्याला सांगितलेही. पण गच्चीवरून उतरताना (सात मजले, पायी) मला माझेच पत्र आठवत होते. त्यात मी वेळ मागितली होती, दंड मागितला होता. लिफ्ट दुरुस्त करा, असे त्यात कुठेही म्हटलेले नव्हते. मी ज्याचे पैसे लावले होते तेच मला मिळाले.

लिफ्ट नऊ दिवस बंद राहिली. ती आम्हीच बंद ठेवली. त्या नऊ दिवसांत मी वॉचमनच्या टेबलावरची पाहुण्यांची वही घरी आणली. आमच्याकडे लिफ्टची वेगळी नोंदवही नव्हती. पण मेकॅनिक आत आला की वॉचमन त्याचे नाव, येण्याची आणि जाण्याची वेळ लिहून घेत असे. आणि तक्रार कधी केली, ते सेक्रेटरींच्या मोबाइलच्या कॉल-यादीत होते. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी मांडल्या की लिफ्टचे खाते तयार होते. बँकेत जुन्या व्हाउचरांवरून हरवलेले लेजर उभे करीत असू, तसाच हा प्रकार. हे खाते मी पुढे मे अखेरपर्यंत चालू ठेवले आणि मागच्या जूनपासूनच्या नोंदी त्याला जोडल्या, म्हणजे पुरते एक वर्ष हाती आले.

वर्षभरात लिफ्ट तेवीस वेळा बंद पडली होती. आमचा सगळ्यांचा समज असा, की कंत्राटदार नालायक, म्हणून लिफ्ट बंद. वहीने वेगळेच सांगितले. अकरा खेपा दरवाजांच्या होत्या आणि त्यांतल्या सात एकट्या तिसऱ्या मजल्याच्या. सहा खेपा एप्रिल ते जूनमधल्या आणि सहाही दुपारी एक ते पाचच्या दरम्यानच्या. दोन पावसाळ्यातल्या, लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात पाणी शिरल्याच्या. दोन वेळा वीजपुरवठ्यातला एक फेज गेला होता. उरलेल्या दोन किरकोळ.

उन्हाळ्यातल्या त्या सहा खेपांचे कारण शोधायला मला इंजिनिअर लागला नाही. मे महिन्यात दुपारी तीन वाजता मी गच्चीवरच्या मशीन रूममध्ये भिंतीवरचे तापमापक नेऊन टांगले. पारा बावन्नावर गेला. चंद्रपूरचा मे काय असतो, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. त्यात वर पत्रे आणि खिडकीला पुठ्ठा लावलेला. मोटरचा वेग सांभाळणारी जी इलेक्ट्रॉनिक पेटी असते, ड्राइव्ह म्हणतात तिला, ती साधारणपणे चाळीस अंशांपर्यंत पूर्ण ताकदीने चालते. त्यापुढे तिच्यावरचा भार कमी करावा लागतो आणि फारच तापली की ती स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. अर्ध्या तासाने थंड झाली की पुन्हा सुरू. मेकॅनिक येईपर्यंत लिफ्ट आपोआप चालू झालेली असायची आणि आम्ही म्हणायचो, बघा, नुसता हात लावायला आला. त्या खोलीला एक्झॉस्ट पंखा बसवा, असे कंत्राटदाराने दोन वर्षांपूर्वी पत्र लिहून कळवले होते. ते पत्र आमच्याच फाइलमध्ये सापडले. त्यावर शेरा होता, ‘पुढील सभेत विचार करू.’ शेऱ्याखालची सही माझी नव्हती, एवढेच समाधान.

खड्ड्यातले पाणी आमचे, पंखा आमचा, वीजपुरवठा ना त्यांचा ना आमचा. म्हणजे तेवीसपैकी दहा खेपांचा दोष कंत्राटदाराच्या माथी मारता येत नव्हता. आणि त्या तिसऱ्या मजल्याच्या दरवाजाचेही असे होते, की जानेवारीत तिथल्या एका घरात फरशा बदलण्याचे काम चालले होते. वाळूची पोती, सिमेंट, टाइल्सची खोकी लिफ्टमधून गेली. दरवाजा विटेने अडवून ठेवला जायचा. दरवाजा खाली ज्या खाचेत सरकतो, तीत वाळू भरली. वर तो ज्या रोलरवर टांगलेला असतो, ते झिजले. पल्ला दोन-तीन मिलिमीटर खाली बसला आणि आकडा त्याच्या जागी पुरता शिरेना. कारण एवढेच. मात्र हे कारण ओळखणे आणि रोलर बदलणे हे करारानुसार कंत्राटदाराचे काम होते. आमचा करार सुटे भाग धरून होता. वर्षाला साठ हजार, अधिक जीएसटी. २८ मार्चला नागपूरहून वरिष्ठ इंजिनिअर आला. त्याने रोलर बदलले, खाच साफ केली, पल्ला उचलून आकडा जुळवला. दीड तास लागला. त्यानंतर त्या दरवाजाने आजवर तक्रार केलेली नाही.

नवा करार लिहायला बसलो तेव्हा पहिला प्रश्न घड्याळाचा. बँकेत असताना गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाखेत मी व्यवस्थापक होतो. तिथले एटीएम बंद पडले की देखभालीच्या कंपनीचा माणूस नागपूरहून यायचा. महिन्याच्या अहवालात मात्र त्यांचा प्रतिसाद नेहमी चार तासांच्या आत असे. मला कोडे पडायचे. नंतर समजले, की त्यांचे घड्याळ आम्ही फोन केल्यापासून चालत नसे. त्यांच्या कार्यालयाने माणूस नेमला, तिथून ते सुरू होई. माणूस नेमलाच नाही, तर घड्याळही सुरू नाही. तेव्हापासून मी वेळेचे कोणतेही कलम वाचताना आधी विचारतो, हे घड्याळ कोण सुरू करतो आणि कोण थांबवतो.

आमच्या करारात आता लिहिले आहे, की सेक्रेटरींनी ठरलेल्या क्रमांकावर संदेश पाठवला, की घड्याळ सुरू. फोन उचलला की नाही याच्याशी संबंध नाही. मेकॅनिकने लिफ्टच्या वहीत वेळ लिहून सही केली, की पोहोचण्याचे घड्याळ थांबले. लिफ्ट सुरू होण्याचे घड्याळ वेगळे आणि ते सोसायटीच्या सहीने थांबते. पोहोचणे आणि दुरुस्त होणे या दोन गोष्टी एकाच वेळेत कोंबल्या, की मेकॅनिक सही करायला वेळेवर येतो आणि भाग आणायला म्हणून निघून जातो.

पोहोचायला किती वेळ? माझ्या झणझणीत पत्रातला एक तास हा कागदावरचाच होता. नागपूर इथून दीडशे किलोमीटर. आणि आपल्या भागात एक मेकॅनिक दोन जिल्हे सांभाळतो. तो गडचिरोलीला एखाद्या दवाखान्याच्या लिफ्टवर असला, तर मूलमार्गे ऐंशी किलोमीटर यायचे, तेही मोटरसायकलवर. अंधार पडल्यावर मूलच्या जंगलातून दुचाकीने ये, असे मी माझ्या मुलाला सांगणार नाही. वाघांच्या बातम्या या मुलखातल्या वर्तमानपत्राला रोजच्याच झाल्या आहेत. तेव्हा ठरले ते असे. सकाळी सात ते रात्री नऊ या वेळेतल्या तक्रारीला चार तास. रात्रीच्या तक्रारीला दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत.

माणूस आत अडकला असेल, तर मात्र चार तास हा आकडा हास्यास्पद आहे आणि चाळीस मिनिटे हा खोटा. यावर तोडगा कराराच्या कलमाने निघत नाही. वीज गेल्यावर केबिन जवळच्या मजल्यावर आणून दरवाजा उघडणारी बॅटरीची यंत्रणा आमच्या लिफ्टला होती. बॅटरी दीड वर्ष मेलेली होती. ती बदलली आणि दर महिन्याच्या सर्व्हिसला मेन स्विच पाडून ती चालते का ते दाखवावे, असे लिहिले. शिवाय वरिष्ठ इंजिनिअरने आमच्या दोघा वॉचमनना आणि खाणीतून निवृत्त झालेल्या एका फोरमनला आमच्या मशीनवर हाताने केबिन मजल्याला कशी आणायची, ते शिकवले: आधी मेन बंद, मग आतल्या माणसाशी बोलणे, मग दोघांनी मिळूनच ब्रेक सोडणे आणि चाक फिरवणे. तिघांखेरीज कोणी त्या खोलीत जायचे नाही, हे दारावर लिहिले आहे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना दरवाजा ओढून माणूस बाहेर काढण्याचा उत्साह आमच्याकडे पूर्वी फार होता. खाली पाय सोडलेला माणूस खड्ड्यात जातो, हे इंजिनिअरने सांगितल्यावर तो ओसरला.

आता दंड. पाच हजार हा आकडा मी हवेतून काढला होता. साठ हजारांच्या कराराला एका तासाचे पाच हजार, हे कोणताही शहाणा कंत्राटदार सही करताना मान्य करणार नाही आणि एखाद्याने केलेच, तर ते कोर्टात टिकेलच असे नाही. भारतीय करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते, की करारात आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद खटल्यात हे स्पष्ट केले आणि पुढेही ते वारंवार सांगितले. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावले, की दंड हा शिस्तीसाठी आहे, कमाईसाठी नाही. तेव्हा पोहोचायला चार तासांहून जास्त झाले, तर तासाला दोनशे. लिफ्ट चोवीस तासांत, किंवा भाग बाहेरून आणायचा असल्यास बहात्तर तासांत, सुरू झाली नाही, तर दिवसाला पाचशे. आणि तिमाहीच्या पंधरा हजारांच्या बिलातून पंचवीस टक्क्यांहून, म्हणजे ३,७५० रुपयांहून अधिक कपात नाही. मर्यादा गाठली, तर सोसायटी तीस दिवसांच्या नोटिशीने करार सोडू शकते.

कापायचे कुणी आणि कधी, हेही लिहावे लागते. २०१९ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने नियम केला, की एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झाले, तर बँकेने पाच दिवसांत ते परत जमा करावेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये द्यावेत. आणि हे ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता. या नियमाची सगळी ताकद त्या शेवटच्या अटीत आहे. मागून घ्यायचा दंड कोणी मागत नाही. आमच्याकडे खजिनदार तिमाहीच्या अखेरीस वही समोर ठेवून हिशोब करतो आणि तेवढी रक्कम बिलातून वजा करूनच चेक लिहितो. पत्र नाही, भांडण नाही.

पण तिसऱ्या मजल्याच्या दरवाजाचे काय? ६ फेब्रुवारी ते १९ मार्च या सात खेपांना मी नवी कलमे लावून पाहिली. मेकॅनिक चार तासांच्या पुढे दोनदाच गेला होता. एकदा अडीच तास, एकदा तेवढेच. पाच तासांचे एक हजार. म्हणजे सात वेळा तोच बिघाड, एका मुलीचा जीव जाता जाता वाचला आणि दंड हजार रुपये! प्रत्येक खेपेला तक्रार नवी, घड्याळ नवे, आणि दहा मिनिटांत ‘सुरू’ अशी सही. बँकेत याला आम्ही चांगले ओळखत असू. थकलेले कर्ज फेडण्यासाठी त्याच माणसाला नवे कर्ज द्यायचे. जुने खाते वसूल, नवे खाते नियमित, आणि तपासणीच्या दिवशी शाखा स्वच्छ. पैसा कुठेही आलेला नसतो.

मी मसुद्यात लिहिले, की त्याच मजल्याचा तोच बिघाड तीस दिवसांत पुन्हा झाला, तर पहिली तक्रार कधी मिटलीच नव्हती असे धरावे आणि तिथपासून दिवस मोजावेत. हिशोब केला. ६ फेब्रुवारीची तक्रार, चोवीस तासांची मुभा, ७ फेब्रुवारी ते २८ मार्च एकोणपन्नास दिवस, पाचशेप्रमाणे साडेचोवीस हजार. कंत्राटदार स्वतः नागपूरहून आला होता. शांत माणूस. त्याने मसुदा वाचला आणि म्हणाला, ‘साहेब, यातले कितीतरी दिवस लिफ्ट चालत होती. तुमची माणसं तिच्यातून वर-खाली करत होती. त्या दिवसांचे पैसे मी का देऊ?’ आणि खरेच होते त्याचे. ७४ व्या कलमाचा वकिलीपेक्षा सोपा अर्थ त्याने मला सांगितला.

दोन तास घासाघीस झाली. शेवटी ठरले, की तोच बिघाड तीस दिवसांत दुसऱ्यांदा झाला, तर पाचशे. त्यानंतर दर खेपेला हजार. आणि तिसऱ्या खेपेला मेकॅनिक नाही, वरिष्ठ इंजिनिअर यायचा, तीन दिवसांत, आणि कारण लेखी द्यायचे. आमच्या सात खेपांना हे लावले, तर दुसरीला पाचशे, पुढच्या पाचांना पाच हजार; सहाव्या खेपेलाच कमाल मर्यादा ओलांडली जाते. पण खरी किंमत त्या इंजिनिअरच्या फेरीत आहे. तिसरी खेप २२ फेब्रुवारीची होती. तो २५ तारखेपर्यंत आला असता, तर रोलर तेव्हाच बदलले गेले असते आणि माझे पत्र मला लिहावेच लागले नसते.

एक कलम मात्र कंत्राटदाराने न मागता मी घातले. सुरक्षिततेसाठी मेकॅनिकने लिफ्ट बंद ठेवली आणि कारण वहीत लिहिले, तर त्या वेळेची कपात नाही. इंजिनिअर येईपर्यंत ती बंदच राहील. तो दंड मेकॅनिकच्या पगारातून कापता येणार नाही, हेही लिहून घेतले. आणि दरवाजाचा कोणताही संपर्क तारेने जोडलेला आढळला, तर कमाल मर्यादा, नोटीस, काही नाही. करार त्याच दिवशी संपला. हे ओळखायचे कसे, तेही ठरले. रहिवाशांनी दरवाजे ओढून पाहायचे नाहीत. महिन्याच्या सर्व्हिसला मेकॅनिक केबिनच्या डोक्यावर उभा राहून लिफ्ट तपासणीच्या संथ गतीने चालवतो, तेव्हा एकेका मजल्याचा दरवाजा किल्लीने सोडायचा. केबिन तत्क्षणी थांबली पाहिजे. सात मजल्यांना वीस मिनिटे लागतात. सेक्रेटरी समोर असतात आणि वहीत सात खुणा करतात.

सरकारी मराठीत लिफ्टला ‘उद्वाहन’ म्हणतात. १९३९ चा जुना मुंबईचा कायदा जाऊन २०१७ मध्ये महाराष्ट्राचा नवा कायदा आला, त्यातही हाच शब्द आहे. शब्द कोणी वापरत नाही आणि कायदा कोणी वाचत नाही. उद्वाहनाचा मालक म्हणजे आम्ही, सोसायटी. सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी आमची, अपघात झाला तर तो निरीक्षकांना कळवण्याचीही आमचीच. देखभालीचा करार केल्याने ती कंत्राटदाराच्या खांद्यावर जात नाही. ग्राहक आयोगाचा रस्ता सहकारी सोसायटीला खुला आहे. कायद्याने तिला ‘व्यक्ती’ मानले आहे. पण तिथेही पहिला प्रश्न वहीचाच येणार होता आणि १९ मार्चपर्यंत आमच्याकडे वही नव्हती.

मशीन रूमला पंखा बसला, खिडकीचा पुठ्ठा निघाला, पत्र्याखाली थर्मोकोल लागला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ड्राइव्ह एकदाच तापून बंद पडली. नव्या करारासाठी आम्ही वर्षाला नऊ हजार जास्त मोजतो. त्या बदल्यात रोलर, संपर्क, दरवाजाचा पट्टा आणि एक ब्रेक कॉइल असे सामान इथेच, वॉचमनच्या खोलीतल्या कुलपाच्या पेटीत असते. सर्वसाधारण सभेत यावर बराच गोंधळ झाला. दंड लावायला निघाला होतात आणि उलट पैसे वाढवून आलात, असे एकाने मला सुनावले. मी वही पुढे केली. ती त्याने वाचली नाही.

गेल्या पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत लिफ्ट दोनदा बंद पडली. एकदा मेकॅनिक अडीच तासांत आला. दुसऱ्यांदा सहा तास लागले. खजिनदाराने नियमाप्रमाणे दोन तासांचे चारशे रुपये वजा केले. वहीत पाहिले, तर ‘विलंबाचे कारण’ या रकान्यात त्या पोराने लिहिले होते, ‘गडचिरोलीला होतो. वैनगंगेचा पूर. रस्ता बंद.’ पूर हे करारात वगळलेले कारण आहे. त्या दिवशीचे वर्तमानपत्र रद्दीतून काढले, बातमी होती. पुढच्या चेकमध्ये चारशे रुपये परत जोडले, तेव्हा खजिनदार कुरकुरला, की मागितले कुठे होते त्यांनी.